जमिनीवर टॅक्स, पण बिल्डिंगवर नाही: लँड व्हॅल्यू टॅक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॉपर्टी टॅक्सवर काहीही लिहिलं की खाली तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी गोळा केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिली नाहीये, त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. लँड व्हॅल्यू टॅक्स म्हणजे नेमकं काय? घरपट्टी तर आपण भरतोच की.

घरपट्टी लागते ती जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम दोन्ही मिळून. लँड व्हॅल्यू टॅक्समध्ये फक्त जमिनीची किंमत धरतात, म्हणजे समजा उद्या त्या प्लॉटवरचं सगळं पाडून मोकळा केला तर बाजारात त्याला काय भाव येईल, तेवढ्यावरच दरवर्षी ठराविक टक्के टॅक्स. वर झोपडी आहे, बंगला आहे, वीस मजली टॉवर आहे की नुसतं गवत आहे, टॅक्स तोच. मजला चढवला, नवीन बाथरूम केलं, लिफ्ट बसवली तरी एक रुपया वाढत नाही. पण शेजारी मेट्रो स्टेशन आलं आणि प्लॉटचा भाव वाढला की टॅक्स वाढतो, मालकाने काहीही केलं नसलं तरी.

हे फक्त कागदावरचं नाहीये. एस्टोनियात १९९३ पासून टॅक्स फक्त जमिनीवर आहे, बिल्डिंगवर नाही. डेन्मार्क, तैवान, ऑस्ट्रेलियातली राज्यं यांच्याकडेही जमिनीच्या किमतीवर वेगळा टॅक्स आहे, प्रत्येकाचे नियम आणि सवलती वेगळ्या.

२. पण जमीन काय आणि बिल्डिंग काय, दोन्ही मालमत्ताच ना? एकीवर टॅक्स चांगला आणि दुसरीवर वाईट हे कसं?

सगळ्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे त्यामुळे इथे जरा वेळ घेतो.

कुठल्याही गोष्टीवर टॅक्स लावला की लोक ती गोष्ट कमी करायला बघतात. बिल्डिंगवर टॅक्स लावला तर बांधणारा हिशोब करतो की एवढे पैसे घालून वर दरवर्षी टॅक्स भरायचा तर मग दोन मजले कमीच बांधू, किंवा जुनी चाळ आहे तशी राहू दे, रिपेअर केली तर आकारणी वाढेल. हा टॅक्स जेवढा जास्त तेवढी घरं कमी बांधली जातात, आणि घरं कमी झाली की भाडी वाढतात. सरकारला टॅक्स मिळाला तो मिळाला, पण त्याशिवाय जी घरं बांधलीच गेली नाहीत ते नुकसान वेगळंच, ते कोणाच्याच खिशात गेलं नाही.

जमिनीचं तसं नाही. टॅक्स लावला म्हणून दादरमधली जमीन कमी होत नाही आणि टॅक्स काढला म्हणून वाढत नाही. ती कोणी बनवलेली नाही, त्यामुळे बनवणं कोणी बंद करेल ही भीतीच नाही. मालकाला ती उचलून टॅक्स कमी असलेल्या गावात नेता येत नाही आणि लपवताही येत नाही. म्हणजे टॅक्स जमा होतो पण लोकांचं वागणं बिघडत नाही, आणि असा टॅक्स शोधून सापडणं फार कठीण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीला भाव येतो कशामुळे? रस्ता, पाणी, शाळा, स्टेशन, आजूबाजूला राहायला आलेली माणसं. मालकाने प्लॉटला नुसतं कुंपण घालून वीस वर्षं ठेवला तरी भाव चढतो, कारण बाकीच्यांनी शहर उभं केलं. बिल्डिंग मात्र मालकाच्या पैशाने आणि मेहनतीने उभी राहते. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवलंय की जागेचं भाडं ही टॅक्स लावायला अगदी योग्य गोष्ट आहे. १८७९ मध्ये हेन्री जॉर्ज या अमेरिकन माणसाने तर त्याची चळवळच उभी केली. आणि सरकार जेवढं छोटं तेवढं बरं असं आयुष्यभर म्हणणारा मिल्टन फ्रीडमनसुद्धा याला सगळ्यात कमी वाईट टॅक्स म्हणाला. डावे उजवे दोन्हीकडचे अर्थतज्ज्ञ एका बाजूला येतात असे विषय फार नाहीत, त्यातला हा एक.

३. आकड्यात दाखवा ना, नुसतं बोलून कळत नाही.

एका रस्त्यावर शेजारी शेजारी दोन सारखे प्लॉट घ्या, प्रत्येकाच्या जमिनीची किंमत १ कोटी. पहिल्यावर जुनं पत्र्याचं गोडाऊन आहे, त्याची किंमत १० लाख. दुसऱ्यावर भाड्याच्या घरांची बिल्डिंग आहे, ४ कोटींची.

आत्ता जमीन आणि बांधकाम दोन्हींवर १ टक्का टॅक्स आहे असं धरू. गोडाऊनवाला १.१० कोटीवर १ लाख १० हजार भरतो, बिल्डिंगवाला ५ कोटींवर ५ लाख. पालिकेला मिळाले ६ लाख १० हजार.

आता पालिकेला तेवढेच पैसे हवेत पण फक्त जमिनीवरून. जमीन एकूण २ कोटींची, म्हणजे दर झाला ३.०५ टक्के. दोघंही ३ लाख ५ हजार भरणार. गोडाऊनवाल्याचे १ लाख ९५ हजार वाढले, बिल्डिंगवाल्याचे तेवढेच कमी झाले.

पण खरा फरक पुढे दिसतो. बिल्डिंगवाल्याला अजून १ कोटी घालून वरती घरं काढायचीत. आधीच्या पद्धतीत त्याला दरवर्षी १ लाख जास्त टॅक्स लागला असता, कायमचा. नवीन पद्धतीत शून्य. आणि गोडाऊनवाल्याला कळतं की चांगल्या रस्त्यावरची जागा अशी अडकवून ठेवणं आता महाग पडतंय, एकतर बांधावं नाहीतर बांधणाऱ्याला विकावं. टॅक्स तेवढाच जमा झाला, पण दोघांनाही बांधण्याकडे ढकललं.

(दर ३ टक्क्यांवर गेला की जमिनीचा भावही हलतो, तो हिशोब प्रश्न ५ मध्ये आहे, इथे सोपं राहावं म्हणून सोडलाय.)

४. मालक हा टॅक्स भाडेकरूच्या डोक्यावर मारणार, शेवटी मरणार गरीबच. नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि शंका अगदी रास्त आहे, कारण बाकी बहुतेक टॅक्समध्ये तसंच होतं.

पण भाडं ठरतं कशावर? मालकाचा खर्च किती यावर नाही, त्या एरियात तेवढ्या जागेला लोक किती द्यायला तयार आहेत यावर. मालक आजच जास्तीत जास्त मिळेल तेवढं घेतोय. उद्या त्याचा टॅक्स वाढला म्हणून भाडेकरूचा पगार वाढत नाही, आणि त्याने भाडं वाढवलं तर भाडेकरू शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातो. बिल्डिंगवरचा टॅक्स भाडेकरूपर्यंत पोचतो तो दुसऱ्या वाटेने, बांधकाम कमी होतं, घरांची टंचाई होते आणि मग भाडं चढतं. जमिनीच्या बाबतीत ती वाटच बंद आहे, टंचाई करायला जमीन कमी करता येत नाही.

याला दोन अपवाद आहेत. एक, दुकान किंवा ऑफिसच्या करारात जर लिहिलं असेल की पालिकेचे सगळे टॅक्स भाडेकरूने भरायचे, तर करार संपेपर्यंत तो भरणार, रिन्यू करताना मग घासाघीस होईल. दुसरा अपवाद पागडीच्या घरांचा. तिथे भाडं बाजारभावाने ठरलेलंच नाही, कायद्याने दाबून ठेवलेलं आहे, त्यामुळे वरचा तर्क तिथे लागू पडत नाही आणि अशा बिल्डिंगींसाठी वेगळा विचार करावाच लागेल.

५. या टॅक्समुळे जमिनीचे भाव पडतात म्हणतात. मी तर कर्ज काढून प्लॉट घेतलाय, माझं काय?

भाव पडतात हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

समजा एका प्लॉटपासून वर्षाला ५ लाख भाडं येतं आणि लोक गुंतवणुकीवर ५ टक्के परतावा पुरे मानतात. तर त्याचा भाव होतो १ कोटी. आता जमिनीच्या किमतीवर १ टक्का टॅक्स आला. घेणाऱ्याला आता ५ टक्के परतावाही हवा आणि १ टक्का टॅक्सही भरायचा, म्हणजे ५ लाख भागिले ६ टक्के, भाव येतो साधारण ८३ लाख ३३ हजार.

नवीन घेणाऱ्याचं बघा. तो वर्षाला ८३ हजार टॅक्स भरतो, पण प्लॉट १६ लाख ६७ हजारांनी स्वस्त मिळाला, त्यावर ५ टक्क्यांनी त्याचे वर्षाला तेवढेच ८३ हजार वाचले. म्हणजे त्याच्यावर खरा बोजा काहीच नाही. सगळा फटका बसला तो टॅक्स जाहीर झाला त्या दिवशी जो मालक होता त्याला. त्याने आयुष्यभराच्या कमाईतून घेतला असेल तरी, आणि पूर्ण भावाने कर्ज काढून घेतला असेल तर जास्तच.

म्हणून एका रात्रीत असा टॅक्स लावावा असं जाणकार म्हणत नाहीत. हळूहळू आणायचा, आणि आणताना दुसरा टॅक्स तेवढाच कमी करायचा. बिल्डिंगवरचा टॅक्स निघाला की बांधणाऱ्याला तीच जागा जास्त फायद्याची होते, त्यामुळे भाव थोडा परत वर येतो आणि फटका वरच्या हिशोबापेक्षा कमी बसतो. पण पूर्ण भरून निघतो असं मी म्हणणार नाही, काही लोकांचं नुकसान होतंच.

६. बिल्डिंग उभी असताना खालच्या जमिनीची वेगळी किंमत काढणार कशी? हे तर अंदाजपंचेच झालं.

अवघड आहे पण अंदाजपंचे नाही, आणि बँकांचे व्हॅल्युअर हे काम रोज करतात.

एक रीत अशी. एक बंगला १ कोटी २० लाखाला विकला गेला. तसाच बंगला आज नवीन बांधायला ५० लाख लागतील, पण हा जुना आहे, साधारण ४० टक्के झिजलाय, म्हणजे बांधकामाची किंमत ३० लाख. उरले ९० लाख, ती जमीन. आता हा आकडा बरोबर आहे का ते तपासायचं. त्याच गल्लीत कोणी जुनं घर विकत घेऊन लगेच पाडलं असेल तर त्याने दिलेली किंमत म्हणजे जवळजवळ निव्वळ जमिनीचीच किंमत. असे पाच सहा व्यवहार मिळाले की गल्लीचा दर कळतो, मग शेजारच्या गल्लीशी, मेन रोडशी तुलना करून नकाशा भरत जायचा. शेजारी शेजारी असलेल्या प्लॉटच्या दरात अचानक मोठी उडी दिसली तर समजायचं कुठेतरी चूक आहे, कारण बिल्डिंगा कशाही असल्या तरी जमिनीचा दर सहसा हळूहळू बदलतो.

आपल्याकडे रेडी रेकनरमध्ये खुल्या जमिनीचा दर आणि फ्लॅट, ऑफिस, दुकानाचा दर वेगवेगळा छापलेला असतो. म्हणजे सरकार हे आत्ताही करतंच, फक्त स्टॅम्प ड्युटीसाठी.

मूल्यांकन बिघडलंय हे ओळखायचं कसं? वर्षभरात विकले गेलेले प्लॉट घ्यायचे, आणि सरकारी किंमत भागिले खरी विक्री किंमत असं प्रत्येकाचं गुणोत्तर काढायचं. सगळीकडे ०.८ च्या आसपास आलं तर फार बिघडलं नाही, सगळ्यांवर सारखाच बोजा आहे. पण कुठे ०.४ आणि कुठे १.१ येत असेल तर शेजाऱ्याचा टॅक्स तुम्ही भरताय. आणि महागड्या प्लॉटचं गुणोत्तर कमी आणि स्वस्त प्लॉटचं जास्त असा पॅटर्न दिसला तर गरीब एरिया श्रीमंत एरियाला पोसतोय.

७. कुठल्या मोठ्या शहराने खरंच करून बघितलंय का?

अमेरिकेतलं पिट्सबर्ग. पोलादाचं शहर, पेनसिल्व्हेनिया राज्यातलं. १९१३ मध्ये तिथे कायदा झाला की जमिनीवर आणि बिल्डिंगवर वेगवेगळा दर लावायचा. एकदम नाही केलं, बिल्डिंगचा दर पायरी पायरीने कमी करत नेला आणि १९२५ पर्यंत तो जमिनीच्या दराच्या निम्मा झाला. मग पन्नासेक वर्षं तसंच चाललं. १९७९ आणि १९८० मध्ये शहराला पैसे कमी पडत होते, तेव्हा त्यांनी वाढ फक्त जमिनीवर टाकली, आणि जमिनीचा दर बिल्डिंगच्या पाचपटीहून जास्त झाला.

त्यानंतर काय झालं ते वॉलेस ओट्स आणि रॉबर्ट श्वाब या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासलं, १९९७ मध्ये छापून आलं. १९६० ते १९७९ च्या तुलनेत १९८० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये वर्षाला मिळणाऱ्या बांधकाम परवान्यांची किंमत साधारण ७० टक्क्यांनी वाढली होती. आणि हे कधी, तर पोलाद कारखाने बंद पडत होते आणि आजूबाजूच्या तशाच औद्योगिक शहरांत बांधकाम एकूण घटत होतं.

पण त्या दोघांनी स्वतःच सांगितलंय की ही सगळी किमया टॅक्सची नाही. शहरात तेव्हा ऑफिसच्या जागेची टंचाई होती आणि तेजीचं मोठं कारण ते. त्यांचं म्हणणं एवढंच की जमिनीवर टॅक्स वाढवल्यामुळे शहराला बांधकामाला मारक असे दुसरे टॅक्स वाढवावे लागले नाहीत. म्हणजे तेजी टॅक्सने आणली नाही, टॅक्सने तिच्या वाटेत काटे घातले नाहीत. मला हे उत्तर जास्त पटतं, कारण प्रश्न २ मधल्या तर्काप्रमाणे या टॅक्सचा गुण तोच आहे, की तो काही बिघडवत नाही.

८. एवढं चांगलं होतं तर पिट्सबर्गने बंद का केलं?

मूल्यांकनामुळे. शहर फक्त दर ठरवायचं, जमिनीची किंमत ठरवायचं काम काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाकडे होतं, आणि ती मूल्यांकनं वर्षानुवर्षं नीट अपडेट झालीच नव्हती. मग २००१ मध्ये सगळ्या काउंटीचं एकदम फेरमूल्यांकन झालं आणि कित्येक वस्त्यांत जमिनीची नोंदलेली किंमत एकदम कितीतरी वर गेली. जमिनीचा दर आधीच जास्त, त्यावर किंमत अशी उडाली, लोकांच्या हातात बिलं पडली आणि आरडाओरडा झाला. शहराने त्याच वर्षी वेगळा दर रद्द करून दोन्हींना एकच दर केला. जवळजवळ नव्वद वर्षांची पद्धत एका फेरमूल्यांकनात गेली.

एस्टोनियातही २००१ नंतर थेट २०२२ मध्ये नवीन मूल्यांकन झालं, मधल्या काळात राजधानी टॅलिनमधले भाव कुठल्या कुठे गेले होते, त्यामुळे तिथे बिलं एकदम उडू नयेत म्हणून दरवर्षी किती वाढ होऊ शकते यावर मर्यादा घालावी लागली. दरवर्षी थोडं थोडं वाढलेलं बिल लोक कुरकुरत का होईना भरतात, वीस वर्षांचं साचलेलं एकदम आलं तर सरकार पडेल पण बिल भरणार नाहीत. त्यामुळे कोणी जमिनीवर टॅक्सचा प्रस्ताव आणला तर मी दर किती ते नंतर बघतो, आधी बघतो की फेरमूल्यांकन किती वर्षांनी आणि कोण करणार.

९. फक्त जमिनीवर टॅक्स आणि बिल्डिंगवर शून्य असं अमेरिकेत कोणी केलंय का?

पेनसिल्व्हेनियातल्याच अल्टूना या छोट्या शहराने. २००२ पासून हळूहळू करत २०११ मध्ये शहराचा सगळा प्रॉपर्टी टॅक्स जमिनीवर आणला, आणि २०१६ मध्ये मागे घ्यायचं ठरवलं. पण बिलात शहराचा वाटा छोटा होता, काउंटीचा आणि शाळांचा टॅक्स जमीन बिल्डिंग दोन्हींवर आधीसारखाच लागत होता. त्यामुळे बांधणाऱ्याला फार फरक दिसला नाही, आणि यावरून टॅक्स चालतो किंवा चालत नाही असा कुठलाच निष्कर्ष काढू नये.

१०. हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे असं कधी होतं का?

होतं, आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरला होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना दख्खनचा शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल नावाचा अधिकारी होता, इंग्लंडमध्ये नवीन अर्थशास्त्र शिकून आलेला. रिकार्डो या अर्थतज्ज्ञाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता, की जमिनीच्या उत्पन्नातून मशागतीचा सगळा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते जमिनीचं खरं भाडं. प्रिंगलने ठरवलं की त्याच उरलेल्या भागातून सारा घ्यायचा. १८३० च्या सुमाराला पुण्याच्या भागात तो लागू झाला. तत्त्व शुद्ध होतं, पण मोजणी आणि प्रतवारी करणाऱ्यांनी चुका आणि लाचखोरी केली, आकारणी जास्त निघाली, त्यात धान्याचे भाव पडले, आणि लोक शेतं टाकून निघून गेले.

मग १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्न मोजायचा हट्ट सोडला, मातीचा रंग आणि खोली बघून आण्यांमध्ये प्रतवारी केली, दर उतरवले, आणि ते तीस वर्षांसाठी पक्के केले. आणि शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली, ताल घातली म्हणून सारा वाढवायचा नाही हे तत्त्व धरलं. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातही ते आलं. बिल्डिंगवर टॅक्स नको याचंच हे शेतीतलं रूप आहे.

पण तीस वर्षं हा काळही फार लांब निघाला. मुदत संपल्यावर इंदापूर, भीमथडी भागात फेरआकारणी आली तेव्हा सारा एकदम बराच वाढला. १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपास सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्याच्या चौकशीत या वाढीचीही चर्चा झाली. प्रश्न ८ मधलं पिट्सबर्ग परत वाचा, गोष्ट तीच आहे.

११. मुंबईत आता कॅपिटल व्हॅल्यूवर प्रॉपर्टी टॅक्स आहे. म्हणजे हेच ना?

नाही. आधी टॅक्स भाड्याच्या अंदाजावर होता, २०१० पासून रेडी रेकनरच्या भावावर आला, एवढाच बदल. त्यात बांधकामाचा प्रकार, वय, वापर, क्षेत्रफळ सगळं गुणलं जातं, म्हणजे चांगलं आणि जास्त बांधलं तर जास्त टॅक्स.

मोकळ्या जमिनीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. पालिकेच्या नियमांत असं होतं की जमिनीची किंमत काढताना तिच्यावर किती एफएसआय वापरता येईल, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल, ते धरायचं. मालक कोर्टात गेले, हायकोर्टाने ते नियम रद्द केले आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं, की आज जमीन प्रत्यक्षात जशी आहे तेवढंच बघायचं, पुढे काय बांधता येईल ते नाही. मुंबईच्या सध्याच्या कायद्याच्या शब्दांवरून दिलेला तो निकाल आहे. पण लँड व्हॅल्यू टॅक्स तर उभाच त्यावर आहे की जागेवर काय बांधता येईल त्यावरून तिचा भाव ठरतो. म्हणजे इथे हा टॅक्स आणायचा तर आधी कायदा बदलावा लागेल, नुसते नियम बदलून भागणार नाही. याआधी १९६३ मध्ये अहमदाबादचंही असंच झालं, तिथल्या पालिकेने मोकळ्या जमिनीवर किमतीच्या टक्केवारीने टॅक्स लावला आणि सुप्रीम कोर्टाने तो कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केला. राज्यघटनेत जमिनी आणि इमारतींवरचा टॅक्स राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे कायदा बदलायचा अधिकार विधानसभेकडे आहेच.

१२. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आमच्या नावावर जमीनच नाही. आम्ही काय भरायचं?

बिल्डिंगखालच्या जमिनीचा टॅक्स काढून फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटायचा. १० कोटींच्या प्लॉटवर ४० सारखे फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ लाखांची जमीन. त्याच रस्त्यावर तेवढ्याच प्लॉटवर एकटा बंगला असेल तर त्याच्यावर पूर्ण १० कोटींचा टॅक्स. त्यामुळे शहरात दाटीने राहणाऱ्या बहुतेक फ्लॅटवाल्यांना हा टॅक्स आजच्या पद्धतीपेक्षा हलका पडायला हवा.

अडचण आहे ती कन्व्हेयन्सची, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची. आपल्याकडे असंख्य सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. मग बिल कोणाला पाठवायचं? कागदोपत्री मालकाला पाठवलं तर तो भरणार नाही, आणि उरलेला एफएसआय वापरायचा हक्क तो मात्र सोडत नाही. माझ्या मते नियम असा हवा की उरलेला एफएसआय ज्याच्या हातात त्याच्यावर त्या भागाचा टॅक्स, बाकीचा राहणाऱ्यांवर. सोसायटीने डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय कायद्याने जमीन नावावर करून घेतली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

१३. शेतकऱ्याचं काय? त्याच्याकडे जमीनच सगळ्यात जास्त.

एकर जास्त, किंमत कमी. हा टॅक्स क्षेत्रफळावर नाही, किमतीवर आहे. शहरातल्या मोक्याच्या एका गुंठ्याचा भाव कोरडवाहू भागातल्या कित्येक एकरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे बोजा शहरावरच येतो.

खरी पंचाईत शहराच्या कडेच्या शेतीची आहे. तिथे भाव ज्वारीचा नाही, उद्याच्या प्लॉटिंगचा असतो, आणि त्या भावावर टॅक्स लावला तर शेतीच्या उत्पन्नातून भरताच येणार नाही. शेती चालू आहे तोवर शेतीच्याच किमतीवर टॅक्स घ्यायचा आणि विकताना किंवा एनए म्हणजे बिगरशेती करताना मागच्या काही वर्षांचा फरक वसूल करायचा, हा त्यावरचा मार्ग. फरक वसूल करायची अट सोडली तर मात्र मोठे गुंतवणूकदार नावापुरती शेती दाखवून जमिनी दाबून ठेवतात.

१४. माझी आजी एकटी जुन्या बंगल्यात राहते, पेन्शन थोडी. तिला घर सोडावं लागेल का?

ही या टॅक्सची सगळ्यात दुखरी बाजू आहे, घराची किंमत प्रचंड पण हातात पैसा नाही. माफी दिली तर त्याचा फायदा पुढे वारसांना आणि त्यांच्याकडून घेणाऱ्या बिल्डरला जातो. त्यापेक्षा डेन्मार्कसारखं करता येतं, तिथे पेन्शनर लोकांना जमिनीचा टॅक्स घरावर कर्ज म्हणून चढवायची सोय आहे. व्याज लागतं, पण घर विकेपर्यंत किंवा वारसांकडे जाईपर्यंत मागत नाहीत. आजींना घर सोडावं लागत नाही आणि टॅक्सही बुडत नाही.

१५. स्टॅम्प ड्युटी एवढी भरतो, त्यावर अजून हा?

त्यावर नाही, त्याच्याऐवजी. कॅनबेरा ज्यात येतं त्या ऑस्ट्रेलियन प्रदेशाने २०१२ मध्ये वीस वर्षांचा कार्यक्रम सुरू केला, दरवर्षी स्टॅम्प ड्युटी थोडी कमी आणि जमिनीच्या किमतीवरचा वार्षिक टॅक्स थोडा जास्त. स्टॅम्प ड्युटी घर बदलण्यावरचा दंड आहे, नोकरी बदलली तरी माणूस लांबून ये जा करतो पण घर बदलत नाही. ज्यांनी नुकतीच पूर्ण ड्युटी भरलीये त्यांच्यावर मात्र दुहेरी बोजा येतो, म्हणून तर वीस वर्षं.

१६. मग बाकी सगळे टॅक्स बंद करून हा एकच ठेवता येईल?

हेन्री जॉर्जचं म्हणणं तेच होतं. आजचं सरकार त्याच्या काळापेक्षा फार मोठं आहे, आरोग्य, शिक्षण, पेन्शन सगळं एकट्या जमिनीवर निघेल असं मानणारे आता थोडेच. पालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स याने बदलावा, इथपर्यंत मात्र बरेच जण येतात.

१७. माझ्या प्लॉटवर डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, बागेचं आरक्षण पडलंय. बांधू शकत नाही आणि पालिका घेतही नाही. तरी टॅक्स भरायचा?

जवळजवळ नाही, आणि तत्त्वाला धरूनच नाही. टॅक्स बाजारातल्या किमतीवर आहे आणि आरक्षित प्लॉटला बाजारात गिऱ्हाईक जवळजवळ नसतं, त्यामुळे त्याचं मूल्यांकन शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या दराने करणं ही सरळ चूक आहे. हेरिटेज इमारत, समुद्रकिनाऱ्याच्या सीआरझेड पट्ट्यातली जागा, हाय टेन्शन वायरखालची जागा यांनाही हेच लागू, जेवढं बांधायची परवानगी तेवढाच भाव.

उलटंही तेवढंच खरं आहे. राज्याच्या नगररचनेच्या एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. त्या दिवशी प्लॉटची किंमत कित्येक पटीने वाढते, आणि मूल्यांकनही त्याच वर्षी वाढायला हवं, पुढच्या फेरीची वाट बघत बसायचं नाही. एफएसआय वाढवल्याचं नोटिफिकेशन निघतं तेव्हाही तसंच. यासाठी नगररचना खात्याचा नकाशा आणि टॅक्स खात्याचं रजिस्टर जोडलेलं असावं लागतं, म्हणजे आरक्षण उठलं की आकारणीत आपोआप नोंद पडेल. ते जोडलेलं नसेल तर आरक्षणवाला वर्षानुवर्षं जास्त भरत राहतो आणि आरक्षण उठवून घेतलेला कमी.